‘वडिलोपार्जित’ या एका शब्दापायी

आमच्या वडिलांनी, आप्पांनी, 2019 च्या उन्हाळ्यात मला कराडला बोलावून घेतले आणि माझ्यापुढे दोन फुलस्केप कागद ठेवले. तो त्यांच्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा होता. कचेरीबाहेर बसणाऱ्या एका दस्तलेखकाकडून त्यांनी तो परस्पर लिहून घेतला होता. कराडचे राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, घटस्फोटानंतर माहेरीच राहते, आणि आई 2011 मध्ये गेल्यापासून आप्पांचे पथ्यपाणी तिनेच सांभाळले. मी पुण्यात आणि भाऊ ठाण्यात, दोघेही आपापल्या घरात. मला या इच्छेत वावगे काही वाटले नाही. मात्र मसुद्याचे पहिलेच वाक्य असे होते : ‘माझ्या वहिवाटीत वडिलोपार्जित मिळकती असून त्यांचे वर्णन खालीलप्रमाणे आहे.’ त्याखाली गावची जमीन आणि कराडचे घर एकापाठोपाठ एक मांडले होते.

त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. तो म्हणाला, “दादा, घर आजोबांनी घेतलेलं. आजोबांचं म्हणजे वडिलोपार्जितच की. आपला जन्मापासूनचा हक्क आहे त्यात, माझ्या पोराचासुद्धा. आप्पा असं एकटीला कसं देऊ शकतील?” खरे सांगायचे तर माझीही समजूत तीच होती. आजोबांकडून आलेले ते वडिलोपार्जित आणि बापाने स्वतः कमावलेले ते स्वकष्टार्जित, अशी सरळ विभागणी आपल्याकडे पारावर बसलेला कोणीही सांगतो. पुढच्या चार महिन्यांत मी जे कागद गोळा केले, त्यांनी ही विभागणी निम्मी चुकीची ठरवली.

कराडमधल्या एका वयस्क दिवाणी वकिलांकडे मी गेलो. मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “हे घर तुमच्या आजोबांना कुठून मिळाले? आणि आजोबा कोणत्या साली वारले?” त्या दिवशी त्यांनी मला दुसरे काहीच विचारले नाही. त्यांचे म्हणणे असे की, लोक मिळकत कोणाकडून आली एवढेच सांगतात. परंतु ज्याच्याकडून आली त्याच्याकडे ती कोणत्या स्वरूपात होती आणि तो कधी वारला, हे कळल्याशिवाय त्या मिळकतीला कोणताही शब्द लावता येत नाही. मसुदा त्यांनी मला परत दिला नाही, आपल्या फायलीत ठेवून घेतला. आप्पांची सही झालेला असा कागद पुढे विरुद्ध पक्षाच्या हाती लागला असता, तर ‘घर वडिलोपार्जित आहे हे खुद्द मृत्युपत्र करणाऱ्यानेच कबूल केले आहे’ असा युक्तिवाद करायला त्यांना आयतेच कोलीत मिळाले असते.

जमिनीचा उलगडा लवकर झाला. गावी आमची 80 आर म्हणजे दोन एकर जमीन आहे. आजच्या संगणकीय सातबाऱ्यावर फक्त आप्पांचे नाव होते आणि खाली काही फेरफार क्रमांक गोल कंसात दिलेले होते. खरी माहिती त्या क्रमांकांत असते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मी त्या जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. पणजोबा 1943 मध्ये वारले. त्या वेळच्या वारस नोंदीत आजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे होती. मी ती आधी कोणाची तरी आद्याक्षरे समजलो. वकिलांनी सांगितले की, ते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’, म्हणजे आजोबा त्या जमिनीचे एकटे मालक म्हणून नव्हे, तर कुटुंबाच्या वतीने कागदावर आले होते. पुढे 1975 मध्ये आजोबा आणि आप्पा यांच्यात नोंदणीकृत वाटणीपत्र झाले. चार एकरांचे दोन भाग झाले, त्यांतला आजोबांनी आपला भाग कर्ज फेडण्यासाठी नंतर विकला, आणि आप्पांकडे ही दोन एकर उरली.

वाटणीत मिळाली म्हणून ती आप्पांची एकट्याची झाली, असे मी धरून चाललो होतो. वकिलांनी ते खोडून काढले. वडील, आजोबा किंवा पणजोबा यांच्याकडून खाली आलेली सहदायकी, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणारी एकत्र कुटुंबाची मिळकत वाटपात एखाद्याच्या वाट्याला आली, की ती भाऊबंदांच्या दृष्टीने त्याची स्वतंत्र होते. परंतु त्याच्या स्वतःच्या मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जितच राहते, असे त्यांनी समजावले. म्हणून त्या 80 आरमध्ये आप्पा आणि आम्ही तीन भावंडे मिळून चार समान हिस्सेदार होतो, प्रत्येकी 20 आर. बहीणसुद्धा त्यात बरोबरीने, कारण 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद आहे. आई हयात असती आणि आम्ही वाटप केले असते, तर तिलाही मुलाइतका हिस्सा मिळाला असता. आप्पा या जमिनीचे काहीच करू शकत नव्हते, असेही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 प्रमाणे आपला स्वतःचा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कोणालाही देता येतो. म्हणजे त्यांना देण्यासारखे 20 आर होते, बाकीच्या 60 आरवर त्यांची इच्छा चालणार नव्हती. आप्पांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, “जमिनीत हात घालायचा नाही. ती तिघांची.”

घराचे प्रकरण मात्र वेगळ्या वाटेने गेले, आणि माझे बहुतेक दिवस त्यातच गेले.

हे घर आजोबांनी 1961 मध्ये विकत घेतले होते. मूळ खरेदीखत आमच्याकडे नव्हते. असलेली प्रत उंदरांनी कुरतडलेली होती. दुय्यम निबंधक कार्यालयात सूचीचा शोध घेऊन दस्ताची प्रमाणित नक्कल मिळवली. त्या नकलेत आजोबांच्या नावापुढे बोरूच्या वळणाच्या अक्षरात लिहिले होते : ‘धंदा गिरणी नोकरी, राहणार मुंबई’. दस्तात पैसा कोठून आणला याविषयी एक अक्षरही नव्हते. तरी वकील त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ थांबले. आजोबा लालबागच्या चाळीत आणि आजी गावी जमीन कसत, अशी साताऱ्याकडच्या शेकडो घरांसारखीच आमच्या घराची तऱ्हा होती.

भावाने नेमका इथेच बोट ठेवणारा मुद्दा काढला आणि तो चुकीचा नव्हता. जमीन एकत्र कुटुंबाची होती, मग त्या जमिनीच्या उत्पन्नातून घर घेतले नसेल कशावरून? तसे असेल तर घरही एकत्र कुटुंबाचेच ठरते. कायद्यात याचा एक ठरलेला क्रम आहे. कुटुंब एकत्र होते एवढ्यावरून एखाद्या सदस्याच्या नावावरची मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही. जो तसे म्हणतो, त्याने आधी दाखवावे लागते की कुटुंबाकडे त्या काळी अशी मूळ मिळकत होती आणि तिचे उत्पन्न इतके होते की पोटापाण्याचा खर्च भागून उरलेल्या शिलकीतून ही खरेदी होऊ शकली असती. एवढे दाखवले, तरच आपली मिळकत स्वकष्टाची आहे हे सिद्ध करण्याचे ओझे दुसऱ्या बाजूवर जाते. जमीन असणे पुरेसे नाही, जमिनीतून शिल्लक पडत असली पाहिजे.

ती शिलकीची गोष्ट सातबाऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात सापडली. गाव नमुना 12 मध्ये दरवर्षीची पीक पाहणी असते. 1958 ते 1962 या वर्षांचे हस्तलिखित उतारे मी काढले. चारही एकरांपुढे ‘जिरायत’, पिकांच्या रकान्यात बाजरी, मटकी आणि एका वर्षी नुसतेच ‘पड’. पाण्याच्या साधनाचा रकाना कोरा, विहीर नाही. त्या जमिनीवर आजी, आप्पा, आत्या आणि एक विधवा चुलत आजी एवढी माणसे जगत होती. त्यातून साडेचार हजार रुपयांचे घर उभे राहिले असते, असे म्हणायला भावालाही पुढे जीभ रेटली नाही. त्याच्या जोडीला ट्रंकेत आजोबांचे गिरणीतल्या पतपेढीचे कर्जाचे कार्ड मिळाले, खरेदीच्या महिन्याच्या जवळपासचेच. आणि सर्वांत बोलका कागद होता तो 1975 चा वाटणीपत्राचा दस्त. त्यात आजोबा आणि आप्पा यांनी एकत्र कुटुंबाच्या यच्चयावत मिळकती लिहिल्या होत्या, अगदी बैलजोडी आणि गावच्या घराचा मागचा गोठासुद्धा. परंतु कराडच्या घराचा त्यात उल्लेखच नाही. घर त्या वेळी चौदा वर्षे आजोबांच्या नावावर होते. म्हणजे खुद्द बापलेकांनी त्या घराला वाटपाच्या बाहेर ठेवले होते.

घर आजोबांचे स्वकष्टार्जित होते, हे असे ठरले. पण मग ते आमच्यासाठी वडिलोपार्जित नाही का? इथे वकिलांच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. आजोबा 1988 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 रोजी अमलात आला. त्यानंतर एखादा पुरुष आपली स्वतंत्र मिळकत मागे ठेवून मृत्युपत्राविना गेला, तर ती कलम 8 प्रमाणे पहिल्या वर्गातील वारसांकडे जाते, आणि त्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई आहेत. ज्याचा बाप जिवंत आहे असा नातू नाही. मुलाला अशी मिळालेली मिळकत त्याची स्वतंत्र मिळकत होते, त्याच्या मुलाला तिच्यात जन्माने हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन यांच्या संपत्तिकराच्या प्रकरणात स्पष्ट केले आणि पुढच्याच वर्षी युधिष्ठिर विरुद्ध अशोक कुमार या निकालात ते पुन्हा सांगितले. समजा, हेच घर आजोबांनी आधी घेतले असते आणि ते 1955 मध्ये वारले असते, तर तेच घर आणि तेच आप्पा असूनही घर आमच्या दृष्टीने वडिलोपार्जित ठरले असते आणि भावाचे म्हणणे खरे झाले असते. सारा फरक आजोबांच्या मृत्यूच्या तारखेने केला. वकील म्हणाले, “अशा मिळकतीला स्वकष्टार्जितही म्हणू नका, कारण तुमच्या वडिलांनी ती कमावलेली नाही. ती त्यांची स्वतंत्र मिळकत आहे. मुलांना दाखवायला तेवढं पुरतं.” बोलीत या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे शब्दच नाही, आणि निम्मे तंटे बहुधा त्या उणिवेतून होत असावेत, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

मी हे भावाला समजावत होतो, तोवर वकिलांनी मिळकत पत्रिका वाचून नवीच अडचण पुढे केली. आजोबांच्या पश्चात वारस दोघे : आप्पा आणि आत्या. आजी आधीच गेली होती. पत्रिकेवर 1989 मध्ये दोघांची नावे लागली होती आणि पुढच्या वर्षी आत्याचे नाव ‘हक्क सोडल्याने’ कमी झाले होते. ते कशाच्या आधारे, म्हणून मूळ प्रकरणाची नक्कल मागितली, तर आत एक साध्या कागदावरचा जबाब निघाला. आत्याची सही, दोन पंच, शिक्का, बस्स. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेच नव्हते. स्थावर मिळकतीतला हक्क असा जबाबाने सुटत नाही. त्यासाठी दस्त नोंदवावा लागतो, आणि मिळकत पत्रिका काय किंवा सातबारा काय, त्यावरची नोंद मालकी देतही नाही आणि काढूनही घेत नाही. तीस वर्षे आम्ही ज्या घराला आप्पांचे म्हणत होतो, त्यातला अर्धा भाग सांगलीच्या आत्याचा होता. आप्पा माझ्या बहिणीला घर देणार ते फार तर अर्धेच देऊ शकत होते. माडीचे बांधकाम 1984 मध्ये आप्पांनी शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढून केले होते. पण त्यामुळे खालच्या जागेतला आत्याचा हिस्सा आपोआप मिटत नव्हता.

आप्पा आणि मी सांगलीला गेलो. आत्या तेव्हा बहात्तर वर्षांची होती. आप्पांनी सगळे सांगितले, काही लपवले नाही. तुझा अर्धा हिस्सा आहे आणि तो तू ठेवलास तरी चालेल, असेही म्हणाले. आत्या बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, “त्या वेळी दादा म्हणाला सही कर, मी केली. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. आता घर कुणाला जाणार आहे?” आप्पांनी माझ्या बहिणीचे नाव सांगितले. “पोरीला जाणार असेल तर येते मी कराडला,” ती म्हणाली.

हक्कसोडपत्राच्या मसुद्यातही तो शब्द पुन्हा आडवा आला. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या लाभात विनामोबदला सोडला, तर तेव्हा मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये होते. त्यामुळे असे दस्त लिहिणारे ‘वडिलोपार्जित’ हा शब्द सवयीने घालतातच. आमच्याकडे तो शब्द नुसता घातला असता, तर महिनाभरात होणाऱ्या मृत्युपत्रातला मजकूर आणि हा दस्त एकमेकांविरुद्ध उभे राहिले असते. वकिलांनी त्याऐवजी हकीकत लिहिली : मिळकत आमच्या वडिलांनी स्वतःच्या नोकरीच्या उत्पन्नातून अमुक दस्ताने खरेदी केली, ते 1988 मध्ये मृत्युपत्र न करता मयत झाले, आणि कलम 8 प्रमाणे आम्हा भावाबहिणीस ती निम्मी निम्मी वारसाहक्काने मिळाली. दुय्यम निबंधकांनी आमच्या दस्ताला 200 रुपयांचा मुद्रांक मान्य केला.

आता संपूर्ण घर आप्पांचे झाले होते, आणि ते एका मुलीला देण्यास त्यांना कोणाच्याही संमतीची गरज नव्हती. मुलांना समान द्यावे असे कायदा मृत्युपत्र करणाऱ्यावर बंधन घालत नाही. मात्र नैसर्गिक वारस वगळले की न्यायालय मृत्युपत्राकडे बारकाईने पाहते, हे वकिलांनी बजावले. त्यामुळे आप्पांनी कारणे आपल्या शब्दांत लिहिली : दोन्ही मुलांच्या शिक्षणाला आणि ठाण्याच्या सदनिकेच्या पहिल्या हप्त्याला मी पैसे दिले, मुलगी सांभाळ करते, मुलांवर राग नाही. बहिणीला त्या दिवशी शाळेतच थांबायला सांगितले. ज्याला लाभ होतो त्यानेच धावपळ केली, तर संशयाला जागा मिळते. साक्षीदार म्हणून आप्पांनी आपले दोन निवृत्त सहकारी सुचवले होते. वकिलांनी हसून विचारले की, मृत्युपत्र शाबीत करताना किमान एका साक्षीदाराला न्यायालयात यावे लागते, तेव्हा हे दोघे असतील का? शेवटी आप्पांचे एक चाळिशीतले विद्यार्थी आणि शेजारचे डॉक्टर साक्षीदार झाले. आप्पांनी दोघांदेखत सही केली, दोघांनी आप्पांदेखत केल्या. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांकही लागत नाही; आम्ही नोंदणी करून घेतली. मिळकतीच्या वर्णनात घर ‘माझी स्वतंत्र मालकीची मिळकत’ असे आले, आणि जमिनीबद्दल ‘या मृत्युपत्रात अंतर्भूत नाही’ एवढीच ओळ.

आप्पा 2022 च्या फेब्रुवारीत गेले. बहिणीने मिळकत पत्रिकेवर नाव लावण्याचा अर्ज केला, वारसांना नोटिसा निघाल्या, आणि पंधरा दिवसांच्या आत भावाची हरकत आली : मिळकत वडिलोपार्जित, मृत्युपत्र अमान्य. मी त्याच्यावर रागावलो नाही. पूर्वी मीही तेच म्हटले असते. सुनावणीच्या आधी मी सगळ्या नकला त्याला ठाण्याला नेऊन दिल्या. त्याने त्या आपल्या वकिलाला दाखवल्या. आठवड्याने त्याचा फोन आला आणि त्याने एकच विचारले, “पड म्हणजे त्या वर्षी काहीच पेरलं नव्हतं?” मी हो म्हणालो. सुनावणीला तो आला नाही, लेखी हरकत तशीच राहिली. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे आणि मालकीचा वाद असल्यास दिवाणी न्यायालयात जावे, असे म्हणून अधिकाऱ्यांनी बहिणीचे नाव लावण्याचा आदेश दिला. दावा आजपर्यंत दाखल झालेला नाही.

जमिनीची वारस नोंद त्याच वर्षी झाली. आप्पांचे 20 आर मृत्युपत्राबाहेर राहिल्यामुळे तिघांत सारखे आले, आणि आमचे आधीचे 20 आर मिळून प्रत्येकाची जेमतेम 26.67 आर झाली. सातबाऱ्यावर आता तीन नावे आहेत. तलाठ्यांनी नोंद करताना बहिणीच्या नावापुढे सासरचे आडनाव लावले होते, ते दुरुस्त करून घ्यायला मला आणखी दोन खेपा पडल्या.